लाडवांची खबर कशी द्यावी?

घरगुती लाडू विकणाऱ्या एका छोट्या व्यवसायाच्या फेसबुक पानावर हा मजकूर टाकायचा आहे, असं समजा:

‘ग्राहकांच्या वाढत्या मागणीस अनुसरून, उत्कृष्ट दर्जाच्या घटकांपासून निर्मित साखरविरहित नाचणी लाडू हे नवीन उत्पादन दि. 1 पासून सादर करताना आम्हांस अत्यंत आनंद होत आहे. 250 ग्रॅम पाकिटाचे मूल्य 180 रुपये आहे.’

अशी भाषा वर्तमानपत्राकडे पाठवायच्या प्रसिद्धिपत्रकाची. तिथे ती खपते, कारण उपसंपादक त्यातून बातमी काढून घेतो. पानावर मात्र थेट गिऱ्हाईकच वाचतं, तेही अंगठ्याने फोन सरकवत. लांब मजकुराच्या सुरुवातीच्या ओळी तेवढ्या दिसतात, बाकीचा ‘आणखी पाहा’च्या मागे. वरच्या मजकुरात लाडू येईपर्यंत निम्मं वाक्य संपतं.

म्हणून आधी मागणी, दर्जा आणि आनंद काढून टाका. मग गिऱ्हाईक दुकानात उभं राहून काय विचारेल ते आठवा. गोडाला काय घातलंय? टिकतात किती दिवस? मूळ मजकुरात या दोन्हींची उत्तरं नाहीत. ती बनवणाऱ्या बाईंनाच विचारावी लागतात. त्यांच्याकडून कळलं, की लाडवात गूळ आहे आणि ते पंधरा दिवस टिकतात. आता लिहा:

‘नाचणीचे लाडू येतायत, 1 तारखेपासून! नाचणी खमंग भाजून, तूप-गूळ घालून वळलेत. साखर घातली नसली तरी गूळ भरपूर आहे, पथ्य असेल तर लक्षात असू द्या. हवाबंद डब्यात पंधरा दिवस छान राहतात. पाव किलो 180 रुपये. आदल्या दिवशी सांगितलंत तर बांधून ठेवू.’

आता मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल, ते वाक्य अजून सरकारी आहे.

सर्वांत मोठी फसगत ‘साखरविरहित’सारख्या शब्दांशी होते. सूर सैल करण्याच्या भरात त्याचं ‘डायबेटिसवाल्यांनीही बिनधास्त खा’ होतं, आणि मग ती नुसती गप्पांची भाषा राहत नाही, आरोग्याचा दावा होतो. गूळ हीही साखरच. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतल्या अशा दाव्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018चे नियम आहेत आणि घरगुती व्यवसायालाही ते लागू होतात. त्यामुळे सूर बदला, पण वजन, किंमत, तारीख आणि घटक पत्रकाशी ताडून पाहा.

उलट टोकही वाईटच. ‘भावांनो, राडा लाडू!’ असं साठीच्या गिऱ्हाइकाला कोणी दुकानात म्हणत नाही. पानावरही म्हणू नये. आणि एक कृपा करा: ‘किमतीसाठी इनबॉक्स करा’ असं लिहू नका. किंमत पोस्टमध्येच लिहा.