विश्लेषण : नोकरीची ऑफर ई-मेलवर स्वीकारताना पगार, पद, तारीख आणि कागदपत्रे कशी पक्की करायची?

ऑफर लेटर आले की बहुतेक जण मोबाइलवरूनच दोन ओळींचे उत्तर धाडतात : ‘थँक यू सर, आय ॲक्सेप्ट.’ पगाराचा हिशेब, पदाचे नाव, रुजू होण्याची तारीख यांबद्दलच्या शंका नंतर फोनवर विचारू, असा विचार असतो. पण ‘स्वीकारले’ असे कळवल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला फारसे वजन उरत नाही. आधी विचारणे आणि मग स्वीकारणे, असे दोन मेल का लागतात आणि त्यांत काय असावे?

‘स्वीकारले, पण...’ याचा कायद्यात अर्थ काय?

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७ नुसार स्वीकृती पूर्ण आणि विनाअट असली पाहिजे. ‘ऑफर मान्य आहे, पण पगार पाच हजारांनी वाढवा’ असे लिहिले, तर ती स्वीकृती होत नाही. कायद्याच्या भाषेत तो तुमचा नवा प्रस्ताव ठरतो आणि तो मानायचा की नाही, हे कंपनी ठरवते. इंग्रजीत मेल लिहिणारे अनेक जण सभ्यपणा म्हणून ‘सब्जेक्ट टू’ हे शब्द घालतात. तीसुद्धा अटच असते.

ई-मेलवरचे ‘हो’ कितपत पक्के, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या प्रकरणात दिले. व्यवहार बॉक्साइटच्या पाच जहाजांचा होता. ट्रायमेक्सने १५ ऑक्टोबर २००७ रोजी ई-मेलवर देकार दिला आणि वेदांतने दुसऱ्या दिवशी ई-मेलवरच होकार कळवला. पुढे, रीतसर करारावर सह्याच झालेल्या नाहीत, असा मुद्दा मांडला गेला. मुख्य अटी ई-मेलवर ठरून स्वीकारल्या गेल्या असतील तर करार झाला, असे न्यायालयाने म्हटले. प्रकरण मालपुरवठ्याचे असले तरी तत्त्व तेच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०-अ देखील, केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही, असे सांगते.

फोनवरचा होकारही करार ठरू शकतो. प्रश्न फक्त तो सिद्ध करण्याचा आहे. ‘एचआर म्हणाले होते’ हे वाक्य सहा महिन्यांनी कुणाला दाखवणार?

ऑफरमध्ये नेमके काय वाचायचे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मालगुंडची एक अभियंता रत्नागिरीतील एका लहान कंपनीत काम करते. नोटीस पीरियड ३० दिवसांचा. तिला चाकणच्या एका कारखान्याकडून गुरुवारी, ६ ऑगस्ट २०२६ रोजी ऑफर लेटर येते. वार्षिक सीटीसी ४ लाख ८० हजार, रुजू होण्याची तारीख १ सप्टेंबर, उत्तर सोमवारपर्यंत द्यायचे.

मुलाखतीत ‘डिझाइन इंजिनीअर’ असे बोलणे झाले होते. पत्रात मात्र ‘ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी’ आहे. हा शब्दांचा खेळ नाही. ट्रेनी म्हणून किती महिने, त्यानंतर कायम करणार की पुन्हा मूल्यमापन, आणि पुढच्या नोकरीत हा काळ अनुभव म्हणून धरला जाईल का, हे सगळे पदाच्या नावावर अवलंबून असते. पत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे, तेही पाहावे. औद्योगिक पट्ट्यात काम एका कंपनीत आणि पगारपत्रकावर नाव मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे, असे सर्रास असते. त्यात बेकायदा काही नाही, पण ते रुजू होण्याच्या दिवशी गेटवर कळू नये.

आता पगार. ४ लाख ८० हजारांना १२ ने भागले की ४० हजार येतात आणि घरी तोच आकडा सांगितला जातो. पत्रासोबतचा तक्ता उघडला तर चित्र बदलते. यातले ४८ हजार ‘व्हेरिएबल’ आहेत, म्हणजे कामगिरीनुसार आणि बहुधा वर्षअखेरीस. उरले ४ लाख ३२ हजार, म्हणजे महिना ३६ हजार. मूळ पगार महिना २० हजार धरू. त्याच्या १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये हा कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा सीटीसीतच मोजलेला आहे. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे ९६२ रुपये. ती कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. हे दोन वजा केल्यावर राहिले ३२,६३८. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला जाईल. हातात येणारी रक्कम ३०,०३८ रुपये.

चाळीस आणि तीस हजारांमधला फरक म्हणजे फसवणूक नाही. पीएफचे पैसे तिच्याच खात्यात जमा होणार आहेत. पण चाकणला खोलीचे भाडे आणि मेस तीस हजारांतूनच भागवायची आहे. म्हणून ‘सीटीसी किती’ यापेक्षा ‘व्हेरिएबल वगळून मासिक निव्वळ पगार किती आणि व्हेरिएबल कधी, कशावर मिळते’ हा प्रश्न लेखी विचारावा.

तारीख कशी ठरवायची?

तिने सोमवारी, १० ऑगस्टला राजीनामा दिला तरी ३० दिवस भरायला ९ सप्टेंबर उजाडेल. म्हणजे १ सप्टेंबर ही तारीख तिच्याकडून पाळली जाणारच नाही. ती तशीच स्वीकारली, तर नवी कंपनी ‘तारीख चुकवली’ म्हणेल आणि जुनी कंपनी रिलीव्हिंग लेटर अडवेल. शिवाय गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. कोकणातल्या माणसाला याचा वेगळा खुलासा नको. प्रोबेशनच्या पहिल्याच आठवड्यात रजा मागण्यापेक्षा रुजू होण्याची तारीखच २१ सप्टेंबर मागणे सोपे. बहुतेक एचआर दोन-तीन आठवड्यांची मुदत देतात. पण ती सुधारित पत्रात किंवा निदान त्यांच्या मेलमध्ये आली पाहिजे.

पत्रात तारखेसोबत ‘टेंटेटिव्ह’ असा शब्द असेल तर नोकरी सोडण्याआधी खुलासा मागावा. २०२२ च्या कॅम्पस भरतीतील सुमारे दोन हजार अभियंत्यांना ऑफर मिळूनही इन्फोसिसमध्ये रुजू होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत थांबावे लागले, अशी तक्रार पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. काही तारखा बदलल्या असल्या तरी दिलेली प्रत्येक ऑफर पाळली जाईल, असे कंपनीचे मुख्याधिकारी सलील पारेख यांनी तेव्हा सांगितले.

इथे कायद्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. खासगी कंपनीने ऑफर मागे घेतली तर ‘नोकरी द्याच’ असा आदेश न्यायालयाकडून सहसा मिळत नाही, फार तर नुकसानभरपाई मागता येते. त्यामुळे राजीनामा द्यायचा तो तारीख पक्की झाल्याचा मेल हातात आल्यावरच.

दोन मेल कसे लिहायचे?

पहिला मेल शुक्रवारी सकाळीच जावा, म्हणजे शनिवार-रविवारपूर्वी एचआरला उत्तर देता येईल. त्यात आभार, रस असल्याचे एक वाक्य आणि चार प्रश्न : पदाचे नाव, मासिक निव्वळ पगार, २१ सप्टेंबर ही तारीख, कागदपत्रांची यादी. या मेलमध्ये ‘स्वीकारते’ हा शब्द नको. उत्तर सोमवारपर्यंत येणार नसेल तर मुदत वाढवून मागावी. ठरलेली मुदत उलटली की प्रस्ताव आपोआप संपतो.

सुधारित पत्र आल्यावर, त्याच मेलला ‘रिप्लाय ऑल’ करून दुसरा मेल. मजकूर असा असू शकतो, इंग्रजीत लिहिला तरी क्रम हाच :

> ‘आपल्या १० ऑगस्ट २०२६ च्या सुधारित ऑफर लेटरमधील अटींनुसार मी डिझाइन इंजिनीअर, चाकण प्रकल्प, हे पद स्वीकारत आहे. वार्षिक सीटीसी ४,८०,००० रुपये, त्यापैकी ४८,००० रुपये व्हेरिएबल. रुजू होण्याची तारीख सोमवार, २१ सप्टेंबर २०२६, सकाळी ९. आपल्या यादीतील कागदपत्रे मी त्या दिवशी आणेन, रिलीव्हिंग लेटर मिळताच सादर करेन. सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. कृपया मेल मिळाल्याचे कळवावे.’

नवी मागणी नाही, ‘पण’ नाही. पत्रात आहे तेच पुन्हा लिहिलेले. एचआरने ‘मिळाला’ एवढे उत्तर दिले तरी दोन्ही बाजूंचा लेखी पुरावा तयार होतो.

हा व्यवहार सध्याच्या ऑफिसच्या मेल आयडीवरून करू नये. शेवटच्या दिवशी ते खाते बंद होते आणि सगळा पत्रव्यवहार त्यासोबत जातो. ऑगस्टच्या पावसात वीज आणि रेंज दोन्ही जाणाऱ्या गावात आणखी एक गोष्ट तपासावी : मेल ‘सेंट’मध्ये आहे की ‘आऊटबॉक्स’मध्ये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ नुसार, मेल पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या यंत्रणेत शिरला की तो पाठवला गेला असे धरले जाते. मोबाइलच्या आऊटबॉक्समध्ये अडकलेला मेल गेलेलाच नसतो, भले तुम्ही सोमवारी दुपारीच बटण दाबलेले असो.

ऑफर लेटर म्हणजेच नियुक्तिपत्र का?

नाही. ऑफर लेटर रुजू होण्याआधीचे. रजा, नोटीस, बाँड, बदली अशा सविस्तर अटी नियुक्तिपत्रात असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. त्यामुळे पहिल्या मेलमध्ये ‘नियुक्तिपत्र कोणत्या दिवशी मिळेल’ हे विचारणे वावगे नाही. बाँड असेल तर त्याचा मसुदा आधीच मागावा.

कागदपत्रे कोणती आणि कधी?

यादी साधारण ठरलेली असते : गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्र, पॅन, आधार, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश, फोटो, मागच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पीएफचा यूएएन क्रमांक, अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर. अडते ते दोन ठिकाणी. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर हातात येते. ते आले नसेल तर तात्पुरते प्रमाणपत्र चालेल का, हे आधी विचारावे. रिलीव्हिंग लेटर तर जुनी कंपनी शेवटच्या दिवसानंतरच देते, काही वेळा हिशेब पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत राजीनामा स्वीकारल्याचा मेल चालतो का आणि मूळ पत्रासाठी किती दिवस मिळतील, याचे उत्तर लेखी घ्यावे.

मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवायची, ठेवून द्यायची नाहीत. ओळखपत्र म्हणून केवळ प्रत मागितली असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार पुरते, पीएफच्या नोंदणीसाठी मात्र पूर्ण क्रमांक द्यावा लागतो. आणि यादीत ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘लॅपटॉप शुल्क’ किंवा ‘ट्रेनिंग फी’ असे काही दिसले, तर कागदपत्रे पाठवणे थांबवावे. कंपनीच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर स्वतः फोन करून ऑफरची खातरजमा करावी. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी.