शाळेची हजेरीची नोटीस आली, उत्तर काय लिहायचं?

आज एका कागदाबद्दल बोलायचं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत हा कागद आपल्या बीड जिल्ह्यातल्या पुष्कळ घरी येतो. घरी म्हातारी सासू असते, ती शेजारच्या पोराकडून वाचून घेते. कागदावर लिहिलेलं असतं, "आपल्या पाल्याची उपस्थिती ५५ टक्के आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल." सासू घाबरते आणि टोळीवर फोन लावते. तिकडे सून फडातून येऊन चुलीपुढं बसलेली असते. ती म्हणते, "लिहून द्या, आजारी होती म्हणून."

इथंच थांबू या. आजारी होती हे लिहायला सोपं आहे. पण आपण तोडीला गेलो होतो हे शाळेला आधीच माहीत असतं, त्यामुळं त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय आजारपण लिहिलं की शाळा डॉक्टरचा दाखला मागते, आणि एका खोट्यासाठी दुसरं खोटं करावं लागतं. सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. आजारी मुलाला शाळा फार तर सुट्टी मंजूर करील. पण आई-बापाबरोबर स्थलांतर केलेल्या मुलासाठी कायद्यात वेगळी सोय आहे, आणि ती सोय मागायची तर स्थलांतर हा शब्द कागदावर यावा लागतो.

आता शाळा हा कागद का पाठवते तेही समजून घेऊ. सहा ते चौदा वर्षांचं मूल सलग महिनाभरापेक्षा जास्त गैरहजर राहिलं, की आपल्या राज्यात त्याची गणना शाळाबाह्य मुलांत होते. गुरुजींना त्याचा हिशेब वर द्यावा लागतो. पालकांना कळवलं होतं का, असं त्यांनाही विचारलं जातं. म्हणून नोटीस आली की लगेच भांडण आहे असं समजू नका. ती बहुतेक वेळा छापील असते. "पुढील कार्यवाही" वाचून पोटात गोळा येतो खरा. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते आठवीच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पैशाचा दंडही नाही. टोळीवर खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, शाळेच्या खाड्याला तसं काही नसतं.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा मुलगी सातवीत आहे. तिला तीन वर्षांचा धाकटा भाऊ आहे. आई-बाप दोघं मिळून एक कोयता, उचल घेतलेली, दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड सांगलीकडं गेलं. दर वर्षी मुलगी आजीकडं राहायची, पण यंदा आजीचा गुडघा धरला, तिला स्वतःचंच होईना. मुलीला बरोबर न्यावं लागलं. जानेवारी संपताना नोटीस आली.

उत्तर लिहायच्या आधी एक काम करायचं. हजेरीचे आकडे मागून घ्यायचे. नुसती टक्केवारी नको, दिवस हवेत. समजा शाळेनं सांगितलं की जूनपासून १४० दिवस शाळा भरली आणि मुलगी ७७ दिवस आली. ७७ भागिले १४०, म्हणजे ५५ टक्के, बरोबर आहे. आता त्याचे दोन तुकडे करा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ८२ दिवस शाळा भरली, त्यातले ७७ दिवस ती हजर होती. म्हणजे ९४ टक्के. दिवाळीनंतरचे ५८ दिवस ती गावातच नव्हती, ते सगळे खाडे. ५५ टक्के वाचून वाटतं की पोरगी शाळा बुडवते. दोन तुकडे केले की दिसतं, गावात असताना ती शाळा बुडवत नाही. हा फरक मुख्याध्यापकांना आपण दाखवायचा, कारण छापील नोटिशीत तो नसतो.

मग पत्र असं लिहिता येईल:

"प्रति, मा. मुख्याध्यापक यांस,

विषय: माझ्या मुलीच्या कमी हजेरीबाबत खुलासा.

आपली नोटीस मिळाली. मुलीची हजेरी कमी आहे हे खरं आहे. दिवाळीपर्यंत ८२ पैकी ७७ दिवस ती शाळेत आली. पाच दिवस आली नाही, त्यातले तीन दिवस ताप होता आणि दोन दिवस लहान भावाला सांभाळायला घरी ठेवली होती. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीसाठी सांगली जिल्ह्यात आलो. आजीची तब्येत बिघडल्यामुळं मुलीला गावी ठेवता आलं नाही. इथं आम्ही दोघं पहाटे फडात जातो. ती कोपीवर तीन वर्षांच्या भावाला सांभाळते, पाणी भरते. त्यामुळं इथल्या शाळेतही ती गेलेली नाही.

कारखान्याचा पट्टा पडला की आम्ही परत येऊ. अंदाजे मार्चअखेर येऊ, उशीर झाला तर फोन करू. वार्षिक परीक्षेला ती बसेल.

आमची विनंती अशी की तिचं नाव पटावर राहू द्यावं. तिचं शिक्षण हमी पत्रक आमच्याकडं पाठवावं, म्हणजे इथल्या जिल्हा परिषद शाळेत तिला बसवता येईल. इथली हजेरी आपल्याकडं धरावी. तिथं कुठपर्यंत शिकवून झालं तेही कळवावं, पुस्तकं तिच्याजवळ आहेत.

आपली, मुलीची आई. सध्याचा पत्ता, तळ कुठल्या गावाजवळ आहे ते, आणि फोन नंबर."

बायांनो, या पत्रात कुणाला दोष दिलेला नाही. सरांनी लक्ष दिलं नाही, सरकार काही करत नाही, मुकादमानं अडवलं, यातलं काही नाही. ते खोटं असतं असं मी म्हणत नाही, पण खुलाशात ते घातलं की वाचणारा आधी स्वतःला सोडवायला बघतो आणि आपली मागणी बाजूला राहते. "आम्ही गरीब, अडाणी, माफ करा" असंही नाही. माफी मागायचं कारणच नाही.

भाऊ सांभाळते हे लिहावं की नाही, यावर बायका अडखळतात. लाज वाटते. मला विचाराल तर पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. मुलगी तोडीमुळं शाळेबाहेर आहे असं आपण म्हणतो, पण नीट पाहिलं तर ती तीन वर्षांच्या भावामुळं कोपीवर अडकली आहे. शाळा दीड किलोमीटरवर असली आणि हमी पत्रक हातात असलं, तरी भाऊ तिच्या कडेवर असेपर्यंत ती जाणार नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत बसवतात, आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांनाही तिथं घेतात. म्हणून तळाजवळच्या गावात आधी अंगणवाडीताईला भेटायचं, मग शाळेत जायचं. भाऊ अंगणवाडीत गेला की बहीण शाळेत जाऊ शकते. दोन्हींची सुटायची वेळ जुळत नसेल तर तेवढ्या वेळापुरतं तळावरच्या एखाद्या म्हातारीला सांगावं लागेल, तेही धरून चला. आणि पोरगी अधूनमधून वाढं बांधायला फडात येत असेल, तर ते आधी बंद करावं लागेल, नाहीतर सगळी सोय होऊनही सकाळी तिला कामालाच हाक जाईल.

शिक्षण हमी पत्रक म्हणजे काय, हे बऱ्याच जणींनी ऐकलेलं नसतं. स्थलांतर करणाऱ्या मुलाला त्याची मूळ शाळा हा कागद देते. मूल कोणत्या शाळेचं, कितवीत, अभ्यासात कुठं आहे, हे त्यावर असतं. तो दाखवला की जिथं गेलो तिथली शाळा मुलाला बसवून घेते. खरं तर निघायच्या आधीच तो घ्यायचा असतो. राहिला असेल तर मागून मागवा, फोनवर फोटो आला तरी तो घेऊन शाळेत जा. शाळा म्हणाली की वर्ष अर्धं संपलं, आता घेता येत नाही, तर शांतपणे सांगा की शिक्षण हक्क कायद्यात वर्षाच्या मधेही प्रवेश द्यायचा आहे. नुसता दाखला नाही म्हणूनही अडवता येत नाही. आणि परत निघताना तिथल्या शाळेकडून किती दिवस हजर होती ते लिहून आणायला विसरू नका, नाहीतर गावच्या शाळेत ते दिवस गैरहजरच दिसतील. कर्नाटकात गेलेल्यांना मात्र अडचण आहे. सीमेजवळ मराठी शाळा सापडतात, पण आत गेलं की शाळा कन्नड असते आणि सातवीच्या मुलीला तिथं बसून काही उमगत नाही.

पत्र दोन प्रतींत करा. एक शाळेत द्या, दुसरीवर "मिळाले" म्हणून सही, तारीख आणि शिक्का घ्या. टोळीवर असाल तर पत्र लिहून फोटो पाठवा, गावातल्या कुणीतरी ते छापून शाळेत द्यावं. फोनवर सरांशी बोलणं चांगलंच, पण फोनवरचं बोलणं फाइलमध्ये लागत नाही. आठ-पंधरा दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर तीच प्रत केंद्रप्रमुखांना दाखवा, त्यानंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांना. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तुमच्या गटातली कुणी त्या समितीत असेल तर तिला बैठकीत हे पत्र वाचायला सांगा.

पत्रानं सगळं भागत नाही. बुडालेले ५८ दिवस हजेरीत माफ झाले तरी गणितातले तेवढे धडे राहिलेलेच असतात. परत आल्यावर जादा तास कधी घेणार, हे सरांना विचारावं लागेल. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, त्यामुळं त्या दोन वर्षांत परतीची तारीख फार महत्त्वाची. नववी-दहावीला तर शिक्षण हक्क कायदा लागूच नाही. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. दहावीची मुलगी तोडीला नेली आणि मग कितीही खरं पत्र लिहिलं, तरी तिचा फॉर्म अडकू शकतो.

म्हणून मुलीला गावातच ठेवायचं असेल आणि घरी सांभाळणारं कुणी नसेल, तर हंगामी वसतिगृहाचं बघायचं. ते शाळेमार्फत चालतं, पण किती मुलं राहणार याची यादी टोळ्या निघायच्या आधी होते, आणि पुष्कळ ठिकाणी ते सुरू व्हायला उशीर होतो. गाडी दारात आल्यावर विचारून उपयोग नाही. दसऱ्याच्या आधी शाळेत जाऊन मुलीचं नाव यादीत लावा, कोणत्या तारखेला सुरू होणार ते विचारा, आणि ती तारीख आपल्या निघण्याच्या पुढं जात असेल तर मधल्या दिवसांत मुलगी कुणाकडं जेवणार, कुणाकडं झोपणार, हे गटात बसून आधीच ठरवा.