पाकिटावर ९ टक्के, पोटात ३४ टक्के: लेबलच्या फोटोवरून खरा हिशेब कसा काढायचा?

समजा, तुम्ही बीडमध्ये रूम करून शिकताय आणि वडील गेवराईजवळच्या गावी आहेत. त्यांना बीपीचा त्रास आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. पण चहासोबत शेव लागतेच. तुम्ही फोनवर रागावलात, तर त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि म्हणाले, "बघ की, सोडियम फक्त ९ टक्के लिहिलंय!"

वडील खोटं बोलत नाहीत. पाकीटही खोटं बोलत नाही. मग गडबड कुठे आहे? ते ९ टक्के नेमके किती शेवेचे आहेत, हे कुणीच पाहिलेलं नाही.

लेबलवर दोन वेगळे हिशेब असतात

एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पाकिटावर पोषणाचे आकडे साधारणपणे १०० ग्रॅम किंवा १०० मिलीसाठी दिलेले असतात. त्या रकान्यावर `Per 100 g` असं दिसेल. शेजारी दुसरा रकाना असतो, `% RDA per serve`. म्हणजे एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या कोट्याचा किती टक्के भाग मिळतो, ते. हा कोटा नियमात ठरलेला आहे. ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ.

आता सर्व्हिंग किती मोठं, हे कंपनी पाकिटावर लिहिते. आपण तेवढंच खातो असं मात्र अजिबात नाही. आपल्या उदाहरणातल्या २०० ग्रॅमच्या पाकिटावर हे आकडे आहेत असं धरू:

- सर्व्हिंग: २० ग्रॅम
- १०० ग्रॅममध्ये ऊर्जा: ५६० किलोकॅलरी
- प्रोटीन १४ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ४५ ग्रॅम, फॅट ३६ ग्रॅम
- सोडियम: ९०० मिलिग्रॅम

२० ग्रॅम शेवेत १८० मिलिग्रॅम सोडियम होतं. २००० च्या कोट्यात ते झालं ९ टक्के. वडिलांनी वाचलेला आकडा हाच. पण २० ग्रॅम शेव म्हणजे वाटीच्या तळाला जेमतेम पसरेल एवढी!

पायरी १: फोटोतून आकडे नीट काढा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. म्हणून पाठवताना वरचं `HD` बटण दाबायला सांगा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. पाकीट चकचकीत असतं, त्यामुळे फ्लॅश बंद ठेवून, पाकीट सपाट ताणून, दिवसाच्या उजेडात फोटो काढलेला बरा.

मग फोटो गुगल लेन्समध्ये उघडला की त्यातला मजकूर कॉपी करता येतो. पण लगेच विश्वास ठेवू नका. लेन्स दोन ठिकाणी चुकू शकतं. एक म्हणजे ग्रॅमचा `g` त्याला ९ वाटतो, आणि ३६ ग्रॅमचे ३६९ होतात. दुसरं म्हणजे दशांश चिन्ह गायब होतं, १.२ चे १२ होतात.

ही चूक पकडायची सोपी युक्ती आहे. एक ग्रॅम प्रोटीनमधून साधारण ४, एक ग्रॅम कार्बोहायड्रेटमधून ४ आणि एक ग्रॅम फॅटमधून ९ किलोकॅलरी मिळतात. आपले आकडे टाकून बघा: १४ चोक ५६, ४५ चोक १८०, ३६ नवे ३२४. बेरीज ५६०. लेबलवरही ५६० च आहे, म्हणजे हे चार आकडे बरोबर वाचले गेले. खऱ्या लेबलवर थोडा फरक पडू शकतो, पण बेरीज खूपच लांब गेली तर कुठलातरी आकडा चुकलाय.

सोडियममधून कॅलरी मिळत नाहीत, त्यामुळे ते या युक्तीत सापडत नाही. त्याची तपासणी टक्क्यांवरून करा. लेन्सने ९०० ऐवजी ९० वाचलं असतं, तर २० ग्रॅममध्ये १८ मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्काही झाला नसता. पण लेबलवर ९ टक्के छापलंय. म्हणजे ९०० च बरोबर.

पायरी २: खाल्लं किती, ते मोजा

इथेच बहुतेक जण अंदाजपंचे करतात. घरी वजनकाटा नसला तरी चालतं. नवं पाकीट फोडलं की रोजच्या वाटीने, रोज भरतो तशीच भरून, ते डब्यात काढायचं आणि किती वाट्या झाल्या ते मोजायचं. २०० ग्रॅमच्या ८ वाट्या झाल्या, तर एक वाटी २५ ग्रॅमची.

आता आईला विचारा, वडिलांना नको! कळलं की सकाळच्या चहाला एक, संध्याकाळी एक आणि रात्री टीव्हीसमोर एक. तीन वाट्या, म्हणजे ७५ ग्रॅम.

पायरी ३: गुणाकार

सूत्र एवढंच आहे: लेबलवरचा आकडा गुणिले खाल्लेले ग्रॅम, भागिले १००. गुगल शीटमध्ये लेबलचे आकडे `B` रकान्यात `B2` पासून खाली लिहा, खाल्लेलं वजन `D1` मध्ये टाका आणि `C2` मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=B2*$D$1/100
```

डॉलरच्या खुणेमुळे खाली ओढताना `D1` बदलत नाही. उद्या वाट्या कमी झाल्या तर फक्त तो एक आकडा बदलायचा.

आपल्या वडिलांचा हिशेब असा येतो: ऊर्जा ४२० किलोकॅलरी, फॅट २७ ग्रॅम, सोडियम ६७५ मिलिग्रॅम. दिवसाच्या २००० पैकी ६७५, म्हणजे जवळपास ३४ टक्के. मिठात सांगायचं तर साधारण पावणेदोन ग्रॅम, तेही भाजी, भाकरी, लोणचं यांचं मीठ धरण्याआधी. लेबलवरून थेट केलं तरी हेच येतं: ७५ भागिले २० म्हणजे पावणेचार सर्व्हिंग, आणि ९ गुणिले ३.७५ म्हणजे ३४ च्या आसपास.

काही पाकिटांवर मात्र आकडे एका सर्व्हिंगचेच असतात. तिथे १०० ने न भागता, त्या सर्व्हिंगच्या ग्रॅमने भागायचं. रकान्यावरचं शीर्षक न वाचता भागाकार केला की सगळा हिशेब पाचपट चुकू शकतो.

हा हिशेब कुठे फसतो?

नूडल्सच्या बाबतीत जपून. लेबलवरचे आकडे सहसा कोरड्या नूडल्सचे असतात. शिजल्यावर त्यात पाणी जातं आणि वजन बरंच वाढतं. म्हणून शिजलेला वाडगा मोजू नका. ७० ग्रॅमचं कोरडं पाकीट दोघांनी अर्धं-अर्धं खाल्लं, तर प्रत्येकी ३५ ग्रॅम धरा. मात्र रस्सा ओतून दिला, तर त्यात गेलेलं मीठ या हिशेबातून वजा होत नाही.

आणि बाजारातली सुटी शेव? तिला लेबलच नाही. दुसऱ्या पाकिटाचे आकडे तिला लावू नका, कारण प्रत्येकाचं मिठाचं प्रमाण वेगळं असतं.

आता वडिलांना फोन लावा. "९ टक्के बरोबर आहे अण्णा, पण ते एका वाटीचंसुद्धा नाही," एवढं सांगा. रात्रीची टीव्हीसमोरची एक वाटी बंद झाली, तरी रोजचं २२५ मिलिग्रॅम सोडियम कमी होतं. बाकी किती कमी करायचं, ते त्यांच्या डॉक्टरांना हा आकडा दाखवून विचारा.