निष्कर्ष टिकतो का?

शोधनिबंध नियतकालिकाकडे आला की संपादक तो त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांना तपासायला देतात. त्यांच्या अहवालावरून संपादकाला निर्णय घ्यायचा असतो, तर लेखकाला दुरुस्ती करायची असते. आक्षेपांची एकच लांब यादी दिली आणि प्रयोगातली मूलभूत चूक शुद्धलेखनाच्या चुकांमध्ये दडली, तर दोघांचीही वाट चुकते.

एक उदाहरण घेऊ. जिवाणू खतामुळे सोयाबीनचं उत्पादन वाढतं, असा निबंधाचा दावा आहे. एका वाफ्याला खत दिलं, शेजारच्याला दिलं नाही. दोन्हींतल्या ४०-४० झाडांचं दाणे-वजन घेतलं आणि ८० आकड्यांवर संख्याशास्त्रीय चाचणी लावली. फरक ठळक दिसतो. पण खत झाडाला नव्हे, वाफ्याला दिलं होतं. खताचा वाफा मुळातच जास्त ओलाव्याचा असेल तर? ही ४० झाडं म्हणजे एकाच वाफ्याची ४० मोजमापं आहेत, प्रयोगाच्या ४० पुनरावृत्ती नव्हेत. स्ट्युअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं. ती आजही सर्रास आढळते.

हा मोठा मुद्दा. कसोटी एकच: ही बाब सुधारली नाही, तर निष्कर्ष टिकतो का? इथे टिकत नाही. पण ‘प्रयोगाची आखणी सदोष आहे’ एवढंच लिहून परीक्षकाचं काम संपत नाही. चूक कुठे आहे, तिने कोणता दावा डळमळतो आणि आता काय करता येईल, हे तिन्ही सांगायला हवं. उदाहरणार्थ: ‘आणखी वाफ्यांची किंवा हंगामांची माहिती असल्यास प्रत्येक वाफ्याची सरासरी घेऊन विश्लेषण करावं. नसल्यास चाचणी वगळून हे प्राथमिक निरीक्षण म्हणून मांडावं आणि शीर्षकातला दावा काढावा.’

आलेखाच्या अक्षावर एकक नाही, एक संदर्भ यादीत नाही, हे किरकोळ मुद्दे. ते ओळ क्रमांकासह शेवटी द्यावेत. काही मुद्दे मात्र सीमेवरचे असतात. दाण्यांतला ओलावा किती होता, हे लिहिलेलं नाही. दोन्ही वाफ्यांचे दाणे सारखेच वाळवून तोलले असतील, तर एका वाक्याची भर पुरे. तसं नसेल, तर वजनातला फरक पाण्याचाही असू शकतो. अशा वेळी आरोप करू नये, सरळ प्रश्न विचारावा आणि उत्तरावर काय अवलंबून आहे तेही लिहावं.

अहवालाच्या सुरुवातीला निबंधाचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत तीन-चार वाक्यांत मांडावं. परीक्षकाला निबंध नीट समजला का, हे लेखकाला तिथेच कळतं. ‘स्वीकारा’ किंवा ‘नाकारा’ ही शिफारस बहुतेक ठिकाणी फक्त संपादकासाठी असते. ती लेखकाच्या अहवालात नको.

परीक्षकांना एक विनंती. नवा प्रयोग सुचवण्याआधी लेखकाने केलेल्या दाव्याला त्याची खरोखर गरज आहे का, ते पाहा. गरज नसेल, तर ती मागणी मोठ्या मुद्द्यांत घालू नका.