पानामागचे लाल कोळी

मार्च-एप्रिलच्या कोरड्या उकाड्यात घरातल्या अरेका पामच्या पानांवर फिकट, सुईच्या टोकाएवढे ठिपके उमटतात. पाणी कमी पडलं असावं, असं वाटून बरेच जण जास्त पाणी घालतात. खरं कारण पानामागे असतं: जेमतेम अर्धा मिलिमीटरचे लाल कोळी पेशींमधला रस शोषत असतात. त्यांचं बारीक जाळं देठाच्या बेचक्यात दिसू लागतं, तेव्हा प्रादुर्भाव बराच वाढलेला असतो.

खात्री करणं सोपं आहे. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावं. पडलेले कण चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर लालसर-हिरवट रेघ उमटली, तर ते कोळीच.

कुंडी लगेच इतर झाडांपासून दूर ठेवावी आणि पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण घुसळून संध्याकाळी पानामागे फवारावं. आधी एका पानावर करून पाहावं. मात्र अंडी यातून बऱ्याचदा वाचतात आणि उकाड्यात आठवड्याभरात नवी पिढी तयार होते. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी, किमान तीनदा फवारणी हवीच. मावा-तुडतुड्यांसाठीचं इमिडाक्लोप्रिड इथे उपयोगाचं नाही, कारण आठ पायांचा हा जीव कीटकच नव्हे.

ठिपके पडलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. उपाय लागू पडला की नाही, ते नव्या पानांवरून ओळखावं.