चंदेरी रेघ, जांभळा डाग

कांद्याच्या पातीचा फोटो काढायचा, मोबाइलवरून पाठवायचा आणि खाली लिहायचं, "करपा आलाय, काय मारू?" कांदा पिकवणाऱ्या पट्ट्यात हे आता रोजचंच झालं आहे. अशा फोटोत बऱ्याचदा दोन गोष्टी दिसतात. पातीवर चंदेरी रेघा असतात आणि त्यांच्या अधेमधे एखादा लांबट जांभळा डाग असतो. विचारणारा या सगळ्यालाच करपा म्हणतो, आणि सांगणाराही एक कीटकनाशक आणि एक बुरशीनाशक अशी जोडी सांगून मोकळा होतो. पण रेघ किड्याची आहे आणि डाग बुरशीचा. दोघांना मानवणारी हवा वेगळी आणि औषधंही वेगळी.

आधी रेघ पाहू. ती फुलकिड्यांनी केलेली असते. शेतकरी त्यांना थ्रिप्सच म्हणतात. हा किडा जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो. मोठा किडा पिवळट ते तपकिरी, पिल्लं फिकट पिवळी आणि बिनपंखाची. पातीचा वरचा थर खरवडून तो आतल्या पेशींमधला रस शोषतो. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते आणि त्यांच्यावर प्रकाश पडला की तो भाग चांदीसारखा चमकतो. म्हणजे ही चंदेरी रेघ पातीवर बसलेली नसते, ती पातीतून काही नाहीसं झाल्याची खूण असते. बोट फिरवलं तरी ती पुसली जात नाही. जवळून पाहिलं तर रेघेवर बारीक काळे ठिपकेही दिसतात. ती किड्यांची विष्ठा.

किडे मात्र रेघेवर सापडतीलच असं नाही. ते पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पाती जिथे एकमेकींना चिकटून असतात तिथे दडतात. कांद्याची पात बुडातून वाढते. त्यामुळे पोंग्यात असताना खरवडलेला भाग पात वाढेल तसा वर सरकतो आणि काही दिवसांनी फोटोत ठळक दिसतो. बाहेरच्या पातीच्या शेंड्याकडची रेघ म्हणजे जुना हिशेब आहे. आज किडे किती आहेत हे पोंगा उकलूनच कळतं.

आता डाग. जांभळा करपा अल्टरनेरिया पोराय या बुरशीमुळे येतो. सुरुवातीला पातीवर छोटासा पाणथळ ठिपका दिसतो आणि त्याचा मध्य लवकरच पांढुरका होतो. ठिपका पातीच्या लांबीच्या दिशेने वाढत लंबगोल होतो, मध्यभाग जांभळट पडतो आणि कडेला पिवळी झालर येते. दमट हवेत त्याच डागात गडद रंगाची एकात एक वलयं उमटतात. ते बुरशीचे बीजाणू. डागाने पातीला वेढा घातला की पात तिथेच मोडते. बीजोत्पादनाच्या कांद्यात फुलांचे दांडे असे मोडले तर बी भरतच नाही. ही बुरशी आधी जुन्या, बाहेरच्या पाती धरते. पात बराच वेळ ओली राहिली, हवेत दमटपणा ऐंशी टक्क्यांवर गेला आणि तापमान साधारण एकवीस ते तीस अंश असलं की ती फोफावते. फुलकिड्यांना याच्या उलट कोरडी, उबदार हवा आवडते आणि जोराच्या पावसात ते धुऊन जातात.

असं असूनही दोघं एकाच पातीवर का भेटतात? कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो आणि तो बुरशीला सहजासहजी आत शिरू देत नाही. फुलकिड्याने खरवडलेल्या जागी ते संरक्षण उरत नाही. कोरड्या आठवड्यात किड्यांनी जखमा करून ठेवल्या आणि पुढच्या आठवड्यात दव किंवा अवकाळी पाऊस आला, की बुरशीला वाट आयतीच मिळते. म्हणूनच फोटोत जांभळा डाग पुष्कळदा चंदेरी रेघेच्या मधोमध दिसतो.

समजा, निफाडकडचा उन्हाळी कांदा आहे. डिसेंबरच्या मध्यावर लागण झाली, जानेवारीअखेर पीक पंचेचाळीस दिवसांचं झालं. दोन आठवडे कोरडे गेले, मग तीन दिवस ढगाळ हवा आणि सकाळी दाट दव. शेतकऱ्याने भर दुपारी उभ्यानेच एक फोटो काढला. त्यात सगळी पात पांढरी दिसते आहे. या फोटोवरून मी तरी काहीच सांगणार नाही. कडक उन्हात निरोगी पातीचं मेणही चमकतं आणि तणनाशकाने पडलेले पांढरे चट्टेही तसेच दिसतात. सकाळी, आपल्या अंगाची सावली रोपावर पाडून पुन्हा फोटो घ्यायला हवेत. एक वाफ्याचा, म्हणजे पिवळेपणा सगळीकडे आहे की फक्त बांधाच्या कडेने, ते समजेल. एक उपटलेल्या अख्ख्या रोपाचा, म्हणजे डाग बाहेरच्या पातीवर आहेत की आतल्या, ते दिसेल. आणि एक डागाचा जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.

यानंतरचं काम फोटोने होत नाही. वाफ्यात वेगवेगळ्या ठिकाणची दहा रोपं निवडून प्रत्येकाचा पोंगा उकलायचा आणि किडे मोजायचे. समजा, दहा रोपांत मिळून चारशे दहा निघाले, म्हणजे रोपाला एक्केचाळीस. राजगुरूनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत फवारणीची मर्यादा रोपाला तीस फुलकिडे अशी आहे. इथे ती ओलांडली गेली आहे आणि जवळच्या फोटोत वलयांचे डागही आहेत, म्हणून या शेतात कीटकनाशक आणि बुरशीनाशक दोन्ही लागतील. हेच किडे रोपाला बारा निघाले असते, तर पांढऱ्या रेघा कितीही भरल्या असल्या तरी फक्त बुरशीनाशक पुरलं असतं. विनाकारण मारलेल्या प्रत्येक फवाऱ्याने किडा औषधाला थोडा अधिक निर्ढावतो.

फवारणीत चिकट द्रव्य हवंच, नाहीतर उभ्या, मेणचट पातीवरून थेंब घरंगळून खाली जातात. द्रावण पोंग्यात उतरलं पाहिजे. तरीही सगळे किडे मरत नाहीत. अंडी पातीच्या आत असतात आणि कोषावस्था बहुधा मातीत जाते. त्यामुळे आठ-दहा दिवसांनी पुन्हा मोजणी करावी लागते आणि गरज पडलीच तर दुसऱ्या गटातलं औषध घ्यावं लागतं. नत्र जास्त झालं की पात लुसलुशीत होते आणि दोघांचंही फावतं.

फोटोला चकवणारे आणखी दोघे आहेत. स्टेम्फिलियम बुरशीचा करपा पिवळट-नारिंगी छोट्या चट्ट्यांनी सुरू होतो. पुढे तो तपकिरी झाला की जांभळ्या करप्यापासून नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड, कारण दोन्ही बुरशा एकाच डागात असू शकतात. तिथे सूक्ष्मदर्शकच लागतो. दुसरा आहे पिवळ्या डागांचा विषाणू, आयरिस यलो स्पॉट. त्याची नोंद महाराष्ट्रात 2006 मध्ये झाली. त्याचे डाग वाळक्या गवताच्या रंगाचे, शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात आणि तो पसरवतो फुलकिडाच. यावर बुरशीनाशकाचा काहीही उपयोग नाही.

आणि एक लक्षात ठेवा. रिकाम्या झालेल्या पेशी पुन्हा भरत नाहीत, म्हणून किडे मेले तरी चंदेरी रेघ तशीच राहते. फवारणीनंतर जुन्याच पातीचा फोटो काढून "औषध लागू पडलं नाही" म्हणू नका आणि घाईने दुसरी फवारणी तर करूच नका. आठ दिवसांनी पोंग्यातून वर आलेली नवी पात पाहा. ती हिरवीगार असेल तर औषधाने काम केलं आहे.