परतावा खात्यात की वॉलेटमध्ये?

तायांनो, ऑनलाइन मागवलेली वस्तू परत केली की पैसे आपोआप खात्यात येतात, असं आपण धरून चालतो. तसं नेहमी होत नाही.

समजा, मसाला पॅकिंगसाठी गटाने 1,850 रुपयांचं सीलिंग मशीन मागवलं. पैसे सचिवताईंच्या डेबिट कार्डावरून भरले आणि गटाने ते त्यांना रोख दिले. मशीन बिघडलेलं निघालं म्हणून परत केलं. मोबाइलवर ‘परतावा झाला’ असा मेसेज आला, पण पासबुकात नोंदच नाही. पैसे गेले त्या अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये.

असं का झालं? वस्तू परत करताना अ‍ॅप विचारतं, ‘पैसे कुठे हवेत?’ वॉलेटपुढे ‘लगेच’ लिहिलेलं असतं, कार्डापुढे ‘5 ते 7 दिवस’. कधी कधी वॉलेटवर आधीच खूण केलेली असते. आपण घाईत पुढे जातो आणि तीच आपली संमती धरली जाते.

दुकान आणि बँक यांच्यामधून पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्ये नियम केला आहे. ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने परतावा द्यायचा. दुसरीकडे द्यायचा तर ग्राहकाची स्पष्ट संमती हवी. म्हणून 1,850 पैकी 250 वॉलेटमधून आणि 1,600 कार्डावरून भरले असतील, तर 250 वॉलेटमध्ये जाणं बरोबरच आहे. वस्तू घरी आल्यावर रोख दिले असतील, तर परत जायला कार्डच नसतं. तेव्हा खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी आपणच द्यावा लागतो.

फरक कुठे पडतो? फक्त त्याच दुकानात चालणाऱ्या वॉलेटमधले पैसे रोख काढता येत नाहीत. मग पैसे सचिवताईंच्या फोनमध्ये अडकतात आणि गटाच्या वहीत 1,850 रुपयांची तूट दिसते. बैठकीत प्रश्न मात्र ताईंनाच विचारले जातात.

म्हणून मेसेज नीट वाचा: ‘वॉलेटमध्ये जमा’ की ‘मूळ पेमेंट पद्धतीने’? वॉलेट तुम्ही निवडलं नसेल, तर त्यातला एक रुपयाही न खर्चता ऑर्डर क्रमांकासह लेखी तक्रार करा. ‘मी वॉलेटला संमती दिलेली नाही, परतावा कार्डावर द्या’ एवढंच लिहा. कार्डावर पाठवला म्हणतात पण खात्यात दिसत नाही, तर त्यांच्याकडून एआरएन क्रमांक मागून घ्या. त्यावरून बँक शोध घेऊ शकते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा.

आणि एक, परतावा मिळवायला पिन किंवा ओटीपी सांगावा लागत नाही. जो मागेल त्याचा फोन ठेवून द्या.